घर क्रमांक 17 चा खाते उतारा द्या : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : घर क्रमांक 17 वर दाखवलेली 18,399 रुपयांची मागील बाकी मान्य नसल्याबाबत आणि खाते उतारा मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

जुलै महिन्याच्या बिलात तुम्ही माझ्या नावावर 18,399 रुपये मागील बाकी दाखवली. ती कशाची, ते बिलात एका शब्दानेही लिहिलेलं नाही. 11 जुलै 2025 ला मी हाती अर्ज दिला आणि पोच घेतली. तीन आठवडे उत्तर आलं नाही म्हणून तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यावर आली ती नोटीस : पंधरा दिवसांत रक्कम भरा, नाहीतर वसुली दाखल्यासाठी सहाय्यक निबंधकांकडे प्रस्ताव जाईल. कार्यालयात विचारायला गेलो तर मला सांगण्यात आलं, "आधी पैसे भरा, मग हिशेब पाहू. कम्प्युटरमधे आहे ते बरोबरच आहे." दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या फळ्यावर थकबाकीदारांच्या यादीत माझं घर लागलं.

म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. फळ्यावर माझं नाव चौऱ्याऐंशी घरांनी वाचलं, तेव्हा माझं म्हणणंही चौऱ्याऐंशी घरांनी वाचावं.

मी 31 वर्षं सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो. तीन-चार गावांची कीर्द आणि खतावणी हाताने लिहिली. मार्चअखेर आली की शेतकरी दारात उभा राहायचा, बेबाकी दाखला मागायचा आणि कधी कधी म्हणायचा, "साहेब, माह्या नावावर हे दोन हजार कायचे हायत?" अशा वेळी मी खतावणीचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवत असे. कर्ज कोणत्या तारखेला उचललं, भरणा कधी आला, व्याज कोणत्या रकमेवर किती दिवसांचं धरलं, सगळं बोटाने दाखवायचो. त्यात कधी माझी चूक निघाली, कधी त्याची. पण पान न दाखवता वसुलीला कधी गेलो नाही. तेवढंच मी आज तुमच्याकडे मागतो आहे.

तुम्ही उतारा दिला नाही, म्हणून हा आकडा कसा जमला असेल ते मीच कागद-पेन्सिल घेऊन शोधून काढलं. तुमचं संगणकाचं काम पाहणाऱ्या मुलाने एवढंच तोंडी सांगितलं होतं, की 2021-22 ची वर्षाची वर्गणी आलेली नाही आणि "बंद घराचे" अडीच हजार बाकी आहेत. तो मुलगा बोलायला चांगला आहे. त्याच्यावर माझा रोष नाही. त्याला जुनी रजिस्टरं जशी हातात दिली तशी त्याने मशिनीत भरली.

पहिली बाब वर्गणीची. सर्वांना आठवत असेल, मार्च 2022 पर्यंत आपल्याकडे वर्षाची वर्गणी एकदम भरायची पद्धत होती आणि मुदत 31 मार्च असायची. आपल्यातले निम्मे लोक शेतीवर जगणारे. कापूस विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही, म्हणून सभेनेच ती मुदत ठेवली होती. तिमाही बिलं एप्रिल 2022 पासून सुरू झाली. वर्गणी महिन्याला 650 रुपये, म्हणजे वर्षाचे 7,800. मी 20 जानेवारी 2022 ला 7,800 रुपयांचा चेक दिला. पावती क्रमांक 214, तारीख तीच, सही तेव्हाच्या सचिवांची, आणि पावतीवर घर क्रमांक स्वच्छ अक्षरात 17 लिहिलेला आहे. 24 जानेवारीला ती रक्कम माझ्या पासबुकात नावे पडली. म्हणजे पैसे माझ्या खात्यातून गेले आणि संस्थेच्या खात्यात आले. मग ते माझ्या पानावर जमा का नाहीत?

याचं उत्तर मला शेजारच्या ओळीत सापडलं. घर क्रमांक 71 मधल्या गुरुजींच्या जुलैच्या बिलात 7,800 रुपये आगाऊ जमा दाखवले आहेत. त्यांनी स्वतः बिल आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "म्या त एवढे जास्तीचे कधी भरलेच नाही. कोनाचे तरी माह्याकडे येऊन पडले." त्यांच्या परवानगीनेच हे इथे लिहितो आहे. 17 चे 71 झाले. अंक उलटे लिहिले जाणं ही खतावणीतली सगळ्यात जुनी चूक आहे. संध्याकाळी थकलेल्या हाताने लिहिताना ती माझ्याकडूनही झालेली आहे.

ही चूक वर्षानुवर्षं का सापडत नाही, हे समितीने नीट समजून घ्यावं. चेक बँकेत जमा झाला, कीर्दीत 7,800 रुपये आले, बँकेची शिल्लक जुळली. सभासदांकडून येणे असलेल्या रकमेची गोळाबेरीजही जुळली, कारण माझ्या पानावर 7,800 जास्त येणे दिसतं आणि गुरुजींच्या पानावर तेवढंच कमी. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा, मांडली तर ती बरोबरच येणार. ऑडिटर सगळी बेरीज तपासतो, पण प्रत्येक पावती योग्य माणसाच्या पानावर पडली का हे चौऱ्याऐंशी घरांसाठी तो एकेक करून पाहीलच असं नाही. त्यामुळे "ऑडिट झालेलं आहे" हे उत्तर इथे पुरत नाही. ही चूक पकडायची तर पावतीचं स्थळप्रत हातात घ्यायचं, त्यावरचा घर क्रमांक वाचायचा आणि त्या घराचं पान उघडायचं. दुसरी खूण अशी, की थकबाकी दाखवलेल्या रकमेएवढीच आगाऊ रक्कम दुसऱ्या कुणाच्या पानावर पडून आहे का ते बघायचं. 214 नंबरचं स्थळप्रत तुमच्या कपाटात आहे. पाच मिनिटांचं काम आहे.

आता बंद घराचं. ऑक्टोबर 2023 ते फेब्रुवारी 2024 असे पाच महिने आम्ही दोघं नवरा-बायको शेतावरच्या घरी होतो. सोयाबीन निघालं, मग वेचणी, मग तूर. वेचणाऱ्या बाया मिळायच्या त्या दिवशी मिळायच्या, वजन करायला, चुकारे द्यायला घरचं माणूस शेतात लागतंच. विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. त्या पाच महिन्यांत इथलं घर कुलूपबंद होतं. कुणाला भाड्याने दिलं नव्हतं, फुकटही दिलं नव्हतं. तुम्ही त्यावर महिन्याला 500 रुपये बिनभोगवटा शुल्क लावलं, आणि त्याची सूचना मला त्या वेळी एकदाही दिली नाही.

बिनभोगवटा शुल्क कशासाठी असतं ते आपण एकदा स्पष्ट करून घेऊ. सभासद स्वतः राहत नाही आणि घर दुसऱ्याला भाड्याने किंवा लिव्ह-लायसन्सने वापरायला देतो, तेव्हा ते लागतं. घर कुलूप लावून ठेवलं म्हणून लागत नाही. मुलगा, मुलगी, सून असं घरचंच माणूस राहत असेल तरी लागत नाही. आणि जिथे लागतं तिथेही त्याला मर्यादा आहे. राज्य शासनाने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ती सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधून दिली आहे. सेवाशुल्काच्या, पूर्ण वर्गणीच्या नव्हे. आपल्या 650 रुपयांत सेवाशुल्क 350, पाणी 100, दुरुस्ती निधी 150 आणि सिंकिंग फंड 50 असे चार भाग आहेत. म्हणजे मी घर भाड्याने दिलं असतं तरी महिन्याला 35 रुपयांपेक्षा जास्त मागता आले नसते. पाच महिन्यांचे 175. तुम्ही मागितले 2,500. सभेत ठराव करूनही हा दर वाढवता येत नाही, कारण शासनाचा आदेश ठरावाच्या वर आहे.

7,800 आणि 2,500 मिळून 10,300 झाले. बिलातली मागणी 18,399 ची. म्हणजे उरलेले 8,099 रुपये व्याज असलं पाहिजे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

आपल्या उपविधीत थकबाकीवर सरळव्याज आहे आणि त्याची कमाल मर्यादा वर्षाला 21 टक्के आहे. ही मर्यादा झाली. प्रत्यक्ष दर किती हे सर्वसाधारण सभा ठरवते. असा ठराव कधी झाल्याचं मला आठवत नाही, पण तो बाजूला ठेवून मी कमाल दरच धरला. 7,800 वर 1 एप्रिल 2022 पासून 30 जून 2025 पर्यंत म्हणजे 39 महिने. वर्षाचं व्याज 1,638, त्यामुळे 39 महिन्यांचं 5,323 रुपये 50 पैसे. 2,500 वर 1 एप्रिल 2024 पासून 15 महिन्यांचं 656 रुपये 25 पैसे. दोन्ही मिळून 5,979 रुपये 75 पैसे. तुमचं व्याज 8,099. दोन हजारांच्या वर फरक. सर्वात जास्त दर धरला, सगळी बाकी खरी मानली, तरी हिशेब जमत नव्हता.

मग मी दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवून पाहिलं. 21 टक्क्यांचा चौथा हिस्सा सव्वापाच टक्के. पहिल्या तिमाहीला 7,800 वर 409 रुपये 50 पैसे. ते मुद्दलात घातले की 8,209 रुपये 50 पैसे, त्यावर दुसऱ्या तिमाहीचं व्याज 431 रुपये. असं तेरा तिमाह्या करत गेलो तर 15,169 रुपये 87 पैसे आले. 2,500 वर तसंच पाच तिमाह्या केल्यावर 3,228 रुपये 87 पैसे. दोन्हींची बेरीज 18,398 रुपये 74 पैसे. पूर्ण रुपयात 18,399.

आकडा रुपयाला रुपया जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी वही मिटली आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. मला वाईट याचं वाटलं, की हे चक्रवाढ व्याज माझ्या एकट्याच्या घराला लागलेलं असणं शक्य नाही. मशिनीत एकदा तशी सोय लावली की ती ज्याच्या पानावर बाकी आहे त्या प्रत्येकाला लागते.

सभासदांना स्वतःच्या बिलात हे ओळखायची खूण सांगतो. मूळ थकबाकी तेवढीच राहिली असेल तर सरळव्याजात प्रत्येक तिमाहीचं व्याज तेवढंच यायला हवं. 409 रुपये 50 पैसे असतील तर पुढच्याही तिमाहीला 409 रुपये 50 पैसे. तो आकडा थोडा थोडा फुगत गेला, पहिल्यांदा 409, मग 431, तर समजावं की व्याजावर व्याज लागतं आहे. आणि बिलात मुद्दल व व्याज वेगळं न दाखवता "मागील बाकी" असा एकच आकडा असेल, तर ही खूण दिसतच नाही. म्हणून मुद्दल एका रकान्यात आणि व्याज दुसऱ्या रकान्यात पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

माझ्याकडून संस्थेला काही येणे आहे का, हेही मी प्रामाणिकपणे तपासलं. ऑक्टोबर 2024 च्या तिमाही बिलाची मुदत 31 ऑक्टोबर होती आणि मी 1,950 रुपये 20 नोव्हेंबरला भरले. वीस दिवस उशीर झाला, कारण चुकारा उशिरा मिळाला. सभेने 21 टक्क्यांचा दर ठरवला असेल तर त्याचं व्याज 22 रुपये 44 पैसे होतं. ते मला मान्य आहे. तुमच्या 18,399 मध्ये ते धरलेलं नाही, मीच निदर्शनास आणून देतो. दराचा ठराव दाखवा, त्याच दिवशी भरतो.

आता मागणी. मला माझ्या खात्याचा 1 एप्रिल 2021 पासून 30 जून 2025 पर्यंतचा उतारा हवा आहे, सचिवांच्या सही-शिक्क्याचा. कम्प्युटरमधून काढलेली एका ओळीची बाकी नको. प्रत्येक नोंदीची तारीख, बिल किंवा पावतीचा क्रमांक, तपशील, नावे रक्कम, जमा रक्कम आणि त्यानंतरची बाकी, असा ओळीओळीचा उतारा. व्याजाच्या प्रत्येक नोंदीसमोर कोणत्या मुद्दलावर, कोणत्या दराने, कोणत्या तारखेपासून हे लिहिलेलं. जुन्या रजिस्टरमधल्या माझ्या पानाची झेरॉक्सही सोबत पाहिजे, कारण चूक मशिनीत भरण्याआधीच्या कागदावर आहे असं मला वाटतं, आणि मशिनीचा उतारा ती चूक जशीच्या तशी पुन्हा छापेल.

त्याबरोबर 214 क्रमांकाच्या पावतीचं स्थळप्रत, जानेवारी 2022 च्या बँक खात्यात तो चेक जमा झाल्याची नोंद, व्याजदर आणि बिनभोगवटा शुल्क ठरवल्याचे सभेचे ठराव पाहायला मिळावेत. आणि 31 मार्च 2022 पासून 31 मार्च 2025 पर्यंतच्या चारही ताळेबंदांना जोडलेली "सभासदांकडून येणे" ही यादी.

ही यादी मी मुद्दाम मागतो आहे. तिच्यात घर क्रमांक 17 समोर 7,800 रुपये असतील, तर समितीला तीन वर्षं ही बाकी माहीत होती. मग या काळातल्या एकाही हाती लिहिलेल्या बिलात ती का दाखवली नाही, एकही स्मरणपत्र का दिलं नाही, हे सांगावं लागेल. माझ्याकडे त्या तेरा तिमाह्यांची सगळी बिलं आहेत. प्रत्येकात चालू 1,950 एवढीच मागणी आहे. आणि यादीत माझं घर नसेल, तर तुमच्याच तपासलेल्या हिशेबाप्रमाणे ती बाकी नव्हती, ती मशिनीत नोंदी भरताना तयार झाली. दोन्हींपैकी काय ते यादी सांगेल.

हे मागणं म्हणजे समितीवर अविश्वास दाखवणं आहे, असं बैठकीत बोललं गेल्याचं माझ्या कानावर आलं. तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये सभासदाला संस्थेच्या दप्तरातला स्वतःच्या व्यवहाराचा भाग पाहण्याचा आणि ठरलेली फी भरून त्याची प्रत घेण्याचा हक्क दिलेला आहे. पाहणं मोफत, प्रत फी घेऊन. फी किती ते लेखी सांगा, भरतो. "आधी थकबाकी भरा, मग दप्तर दाखवू" अशी अट मी कायद्यात कुठे वाचलेली नाही. ज्याची बाकी वादात आहे त्यालाच तर दप्तर पाहायची गरज असते.

वसुली दाखल्याच्या प्रस्तावाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं आणि वसुलीची तरतूद कलम 154ब-29 मध्ये गेली. त्याआधी ती कलम 101 खाली व्हायची. त्या दाखल्याने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, जप्तीपर्यंत जाते. आणि दाखला निघाल्यावर सभासदाला त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची असेल तर आधी दाखल्यातली निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे माझ्या बाबतीत नऊ हजारांच्या वर रक्कम आधी द्या, मग तुमचं ऐकू. मी ते कसेतरी जमवेन. पण फळ्यावरच्या त्या यादीत मागच्या ओळीतल्या एक बाई आहेत, नवरा गेल्यावर शिलाईवर घर चालवणाऱ्या. त्यांच्या नावापुढे माझ्यापेक्षा मोठा आकडा आहे. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, जप्ती येईन काजी?" त्यांचंही पान उघडून पाहिल्याशिवाय तो प्रस्ताव पुढे पाठवू नका. प्रस्तावासोबत समिती हिशेब बरोबर असल्याचं सही करून सांगते. ती सही करण्याआधी तेरा तिमाह्यांचं व्याज एकदा हाताने मोजा.

चालू बिलाबद्दल. मी जुलै-सप्टेंबर तिमाहीचे 1,950 रुपये चेकने भरले आहेत. चेकसोबत पत्र जोडलं असून त्यात लिहिलं आहे, की ही रक्कम फक्त चालू तिमाहीच्या बिलापोटी आहे, मागील बाकी मान्य नाही. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 59 प्रमाणे, देणारा पैसे कशापोटी देतो ते स्पष्ट सांगत असेल आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच बाबीत जमा करावे लागतात. तुमचं मशीन आलेला पैसा आपोआप जुन्या बाकीत, त्यातही आधी व्याजात वळवत असेल, तर माझ्या पानावर तसं होऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या तिमाहीला माझं चालू बिलच थकलेलं दिसेल, त्यावर आणखी व्याज चढेल आणि ज्या माणसाने एकही बिल बुडवलं नाही तो कायमचा थकबाकीदार ठरेल. ज्या सभासदांचा वाद चालू आहे त्यांनीही चालू बिल भरणं थांबवू नये, असंच मी प्रत्येकाला सांगतो. पाणी, लाइट आणि चौकीदाराचा पगार चालू बिलातूनच निघतो. तो आपल्यापैकी कोणाचाच वाद नाही.

दुरुस्ती कशी करावी तेही सुचवतो. जुनं पान खोडू नका, फाडू नका, मशिनीतली जुनी नोंद पुसू नका. फेरनोंद करा : घर क्रमांक 71 च्या खात्यात 7,800 नावे, घर क्रमांक 17 च्या खात्यात 7,800 जमा, तपशिलात "पावती क्रमांक 214, दिनांक 20 जानेवारी 2022, चुकून दुसऱ्या खात्यात पडलेली रक्कम". ती समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात घ्या. त्यावर लागलेलं व्याज उलट नोंदीने काढा. बंद घराचे 2,500 आणि त्यावरचं व्याज तसंच काढा. मग गुरुजींना लेखी कळवा, की त्यांचं आगाऊ जमा आता राहणार नाही. त्यांना हे आधीच माहीत आहे आणि ते राजी आहेत, पण कागद त्यांच्याही हातात असावा. आणि फळ्यावरून माझं नाव काढताना तिथेच दोन ओळींत लिहा, की नोंद चुकीची होती. जिथे नाव लागलं तिथेच ते साफ व्हावं, एवढी अपेक्षा आहे.

उतारा पाहिल्यावर माझं कुठे चुकलं असं निघालं, मी न भरलेला एखादा महिना सापडला, तर ती रक्कम मी त्याच बैठकीत चेकने देईन आणि या पत्राइतक्याच उघडपणे तसं लिहीन.

मी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात येतो. सोबत मूळ पावती, पासबुक, तेरा तिमाही बिलं आणि वर सांगितलेला हाताने केलेला हिशेब असेल. गुरुजीही येणार आहेत. सचिवांनी जुनं रजिस्टर आणि 200 ते 250 क्रमांकांच्या पावत्यांचं बुक तेवढं कपाटातून काढून ठेवावं. वेळ सोयीची नसेल तर दुसरी तारीख लेखी कळवावी.

आपला,
घर क्रमांक 17 चा सभासद
(निवृत्त गटसचिव, सेवा सहकारी सोसायटी)
ऑगस्ट 2025